पोर्टफोलिओचा बीटा काढून निर्देशांक फ्युचर्सने हेज कसा करायचा

समजा तुमच्याकडे पाच कंपन्यांचे मिळून ८० लाखांचे शेअर आहेत. पुढच्या महिन्या-दीड महिन्यात बाजार घसरेल अशी धास्ती आहे, पण शेअर विकायचे नाहीत. विकले तर कर बसतो, किंवा काही शेअर ठरावीक मुदतीपर्यंत विकताच येत नाहीत, किंवा कंपन्यांवर तुमचा भरवसा आहे आणि भीती फक्त एकूण बाजाराची आहे. अशा वेळी शेअर जिथल्या तिथे ठेवून निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेसाठी आजच भाव ठरवणारे करार, विकता येतात. बाजार पडला की शेअरमध्ये नुकसान होतं आणि विकलेल्या फ्युचर्समध्ये फायदा होतो, आणि दोन्ही एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. यालाच हेज म्हणतात.

वरच्या कारणांपैकी एकही लागू नसेल, तर हेजच्या भानगडीत पडू नका. सरळ थोडे शेअर विकून रोकड वाढवा. ते स्वस्तही पडतं आणि रात्री झोपही लागते.

हेज करायचाच असेल तर पहिला प्रश्न येतो: किती लॉट, म्हणजे फ्युचर्सचे किती करार, विकायचे? ८० लाखांच्या शेअरसाठी ८० लाखांचे फ्युचर्स हे उत्तर सहज सुचतं, पण ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. बाजार १० टक्के पडला तर तुमचे शेअर बरोबर १० टक्केच पडतील असं कुणी सांगितलंय? काही पोर्टफोलिओ बाजारापेक्षा जास्त हलतात, काही कमी. किती जास्त किंवा किती कमी, ते बीटा सांगतो.

सूत्र

```
N = (β − β_target) × P / F
```

N म्हणजे विकायचे लॉट, β म्हणजे पोर्टफोलिओचा बीटा, P म्हणजे पोर्टफोलिओचं आजचं मूल्य आणि F म्हणजे एका फ्युचर्स लॉटचं मूल्य. β_target हा हेज केल्यावर तुम्हाला हवा असलेला बीटा. बाजाराचा परिणाम पूर्ण पुसायचा असेल तर तो शून्य धरायचा. अर्धवट संरक्षण पुरे असेल तर ०.५ धरा किंवा तुम्हाला पटेल तो आकडा घ्या.

F काढताना फ्युचर्सचा भाव गुणिले लॉटचा गुणक असा हिशेब करायचा. गुणक म्हणजे निर्देशांक एक अंकाने हलला की एका लॉटमागे किती पैसे हलतात तो आकडा. तो बाजारागणिक आणि करारागणिक वेगळा असतो आणि मधूनमधून बदलतोही. एस अँड पी ५०० चे फ्युचर्स १९८२ मध्ये आले तेव्हा गुणक ५०० डॉलर होता, १९९७ मध्ये तो २५० झाला, आणि त्याच वर्षी ५० डॉलर गुणकाचे ई-मिनी सुरू झाले. म्हणून गेल्या वर्षीच्या शीटमधला गुणक तसाच उचलू नका. एक्स्चेंजच्या कराराच्या माहितीत आजचा गुणक काय दिलाय ते बघून घ्या.

बीटा काढायचा कसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

सोपा रस्ता म्हणजे प्रत्येक शेअरचा तयार बीटा एखाद्या वेबसाइटवरून घेणं. त्यात धोका असा की तो बीटा कुठल्या निर्देशांकाशी, किती काळाचा आणि दिवसाच्या की महिन्याच्या परताव्यावरून काढलाय, हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. तुम्ही ज्या निर्देशांकाचे फ्युचर्स विकणार, बीटा त्याच निर्देशांकाशी मोजलेला हवा. मोठ्या ५० कंपन्यांच्या निर्देशांकाचे फ्युचर्स विकायचे आणि बीटा ५०० कंपन्यांच्या निर्देशांकाचा वापरायचा, हे म्हणजे एकाच्या मापाने दुसऱ्याचा सदरा शिवण्यासारखं आहे.

त्यापेक्षा स्वतः काढा, तासाभराचंही काम नाही. प्रत्येक शेअरचे आणि निर्देशांकाचे गेल्या दोन वर्षांचे आठवड्याचे बंद भाव घ्या. बोनस, स्प्लिट वगैरे धरून दुरुस्त केलेले भावच घ्या, नाहीतर स्प्लिटच्या आठवड्यात तुमच्या शीटवर तो शेअर एकदम निम्मा झालेला दिसेल. प्रत्येक आठवड्याचा टक्केवारी बदल काढा. दोन वर्षांत सुमारे १०४ आकडे मिळतील.

दिवसाचे आकडे का नकोत? रोज जोमाने व्यवहार न होणारा शेअर बाजाराच्या हालचालीला एक-दोन दिवस उशिरा प्रतिसाद देतो. दिवसाच्या आकड्यांत ही ढिलाई कमी बीटा म्हणून दिसते, आणि शेअर प्रत्यक्षापेक्षा शांत वाटतो. आठवड्याच्या आकड्यांत ही अडचण बरीचशी मिटते.

आता पोर्टफोलिओचा परतावा तयार करा. इथे नवखे लोक डीमॅट खात्याचं जुनं मूल्य घेतात आणि त्याचे बदल काढतात. तसं करू नका. खात्यात मधेच पैसे आले-गेले असतात, जुने शेअर विकलेले असतात. तुम्हाला आज हातात असलेल्या शेअरचा हेज करायचाय, म्हणून आजचीच वजनं घ्या आणि ती मागच्या प्रत्येक आठवड्याला लावा. स्तंभ C मध्ये पोर्टफोलिओचा आणि स्तंभ B मध्ये निर्देशांकाचा परतावा असेल, तर सूत्रं अशी:

```
=SLOPE(C2:C105, B2:B105)
=RSQ(C2:C105, B2:B105)
=INDEX(LINEST(C2:C105, B2:B105, TRUE, TRUE), 2, 1)
```

पहिलं सूत्र बीटा देतं, दुसरं आर-स्क्वेअर, म्हणजे पोर्टफोलिओच्या चढउतारात बाजाराचा वाटा किती, आणि तिसरं बीटाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या अंदाजात साधारण किती चूक असू शकते. SLOPE मध्ये पोर्टफोलिओ आधी आणि निर्देशांक नंतर, हा क्रम पक्का लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा तो उलटा टाकला होता. बीटा ०.६ आला, आणि "अरे वा, आपला पोर्टफोलिओ किती शांत!" म्हणून मी खूश. RSQ मधून ही चूक पकडता येत नाही, कारण क्रम उलटला तरी त्याचं उत्तर तेच राहतं. पकडायची युक्ती अशी: दोन्ही क्रमांनी SLOPE काढा. त्यांचा गुणाकार आर-स्क्वेअरइतका यायला हवा, आणि त्या दोन उत्तरांपैकी निर्देशांक शेवटी टाकल्यावर येणारं उत्तर तुमचं. माझा खरा बीटा १.१७५ होता आणि आर-स्क्वेअर ०.७०, म्हणून उलटा आकडा ०.६ च्या आसपास येत होता. त्या आकड्यावर हेज केला असता तर गरजेच्या निम्मेच लॉट विकले गेले असते.

आकडे घालून बघू

तोच पोर्टफोलिओ इथे घेतो. चलन कुठलंही समजा, आकडे लाखांत आहेत.

| शेअर | मूल्य | बीटा | मूल्य × बीटा |
|---|---|---|---|
| क | ३० | १.४० | ४२ |
| ख | २० | १.१० | २२ |
| ग | १५ | ०.८० | १२ |
| घ | १० | १.६० | १६ |
| च | ५ | ०.४० | २ |
| एकूण | ८० | | ९४ |

९४ भागिले ८० म्हणजे पोर्टफोलिओचा बीटा १.१७५. बीटा वजनाने सरासरीत बसतो, म्हणून शेअरवार काढून बेरीज केली काय किंवा वरच्यासारखा सबंध पोर्टफोलिओचा एकदम काढला काय, उत्तर एकच यायला हवं. आलं नाही तर कुठल्या तरी शेअरचे भाव चुकलेत असं समजा.

मला शेवटच्या स्तंभाची बेरीज जास्त आवडते. ९४ लाख याचा अर्थ असा की बाजार हलला की तुमचे ८० लाखांचे शेअर निर्देशांकातल्या ९४ लाखांसारखे वागतात. याला बीटा-भारित मूल्य म्हणू. खात्यात रोकड असेल तर तिचा बीटा शून्य, म्हणजे ती या बेरजेत आपोआप गळते.

फ्युचर्सचा भाव २०,००० आहे आणि गुणक ५०. एक लॉट १० लाखांचा झाला. ९४ भागिले १० म्हणजे ९.४ लॉट. अर्धवट लॉट विकता येत नाही, मग ९ विकायचे की १०?

या प्रश्नावर लोक विनाकारण डोकं शिणवतात. तिसऱ्या सूत्राचं उत्तर बघा. आर-स्क्वेअर ०.७० आणि १०४ आठवडे असताना प्रमाण त्रुटी सुमारे ०.०७६ येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली तर खरा बीटा साधारण १.०२ ते १.३३ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजेच योग्य उत्तर ८.२ लॉट असू शकतं किंवा १०.६ सुद्धा. ज्या आकड्याचा मूळ अंदाजच एवढा रुंद, त्यातल्या ०.४ लॉटवर वाद घालण्यात अर्थ नाही.

तरी एक कल मी ठेवतो. मार्शल ब्लूम यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की काढलेले बीटा पुढच्या काळात १ कडे सरकतात. त्यावरून एक ढोबळ दुरुस्ती रूढ झाली: काढलेल्या बीटाचे दोन तृतीयांश घ्यायचे आणि त्यात एक तृतीयांश मिळवायचा. १.१७५ चा १.११७ होतो आणि लॉट ८.९ होतात. म्हणून माझं उत्तर ९. बीटा १ पेक्षा कमी असता, तर ही दुरुस्ती लॉट वाढवण्याकडे झुकली असती.

पूर्ण हेज नको, बीटा ०.५ पर्यंतच खाली आणायचा असेल, तर ०.६७५ गुणिले ८० म्हणजे ५४ लाख, अर्थात ५ लॉट.

आणि पोर्टफोलिओच ५ लाखांचा असेल तर? उत्तर अर्धा लॉट. एक लॉट विकला तर हेज राहत नाही, बाजार पडण्यावर लावलेली पैज होते. तेव्हा लहान गुणकाचा करार मिळतोय का ते शोधा. तो नसेल तर हा लेख इथेच मिटवून थोडे शेअर विका.

विकताना आणि विकल्यानंतर

नऊ लॉट *विकायचे*. वाचायला बावळटपणा वाटेल, पण घाईत खरेदीचं बटण दाबणारे लोक असतात, आणि मग धोका खोडला जाण्याऐवजी जवळपास दुप्पट होतो. ऑर्डर लागल्यावर पोझिशनमध्ये उणे चिन्ह दिसतंय का ते बघा.

फ्युचर्स विकायला सुरुवातीला मार्जिन लागतं. कराराच्या मूल्याचा काही भाग ब्रोकर अडकवून ठेवतो. किती, ते एक्स्चेंज आणि ब्रोकर ठरवतात, आणि बाजार फार हलू लागला की ते वाढवतातही. शेअर गहाण ठेवून मार्जिनचा काही भाग भागवता येतो का, हे आधी विचारून घ्या.

पण हेज मोडतो तो बहुतेक वेळा या पहिल्या मार्जिनमुळे नाही. तो मोडतो रोजच्या हिशेबामुळे, ज्याला मार्क-टू-मार्केट म्हणतात. हेज लावल्यावर बाजार पडण्याऐवजी चढला तर काय होतं ते बघा.

स्पॉट, म्हणजे प्रत्यक्ष, निर्देशांक १९,९०० होता आणि फ्युचर्स २०,०००. एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे करार संपण्याच्या दिवसापर्यंत, निर्देशांक ८ टक्के चढून २१,४९२ झाला. एक्स्पायरीला फ्युचर्सचा अंतिम भाव स्पॉटवरून ठरतो, म्हणून तुमचं नुकसान १,४९२ गुणिले ५० गुणिले ९, म्हणजे ६,७१,४००. तिकडे शेअर बीटाप्रमाणे ९.४ टक्के चढले, म्हणजे ७,५२,००० चा फायदा. कागदावर तुम्ही ८०,६०० ने पुढे आहात, तक्रारीला जागा नाही.

फक्त एवढंच की शेअरमधला फायदा कागदावर आहे आणि फ्युचर्समधलं नुकसान रोख आहे. ते ६,७१,४०० दररोज थोडे थोडे करून तुमच्या खात्यातून गेलेत. रोकड संपली, मार्जिनची मागणी आली आणि वेळेवर भरता आली नाही, तर ब्रोकर पोझिशन कापतो, आणि तेही बाजार चढून बसलेला असताना. त्यानंतर बाजार उलटला तर शेअर पडताना तुम्ही उघडे. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, नेमकं तेच अंगावर येतं.

म्हणून विकण्याआधी हिशेब मांडा: बाजार १० टक्के चढला तर किती रोकड जाईल? नऊ लॉटसाठी साधारण ९ लाख. मार्जिन सोडून एवढी रोकड बाजूला नसेल तर लॉट कमी करा. नऊच्या हेजवर मधेच हात टेकण्यापेक्षा पाचचा हेज शेवटपर्यंत टिकवलेला बरा.

बाजार पडला तर

आता ज्याची भीती होती ते घडू द्या. निर्देशांक १० टक्के पडून १७,९१० झाला. फ्युचर्समध्ये २,०९० अंक मिळाले, म्हणजे ९,४०,५००. शेअरमध्ये बीटाप्रमाणे ११.७५ टक्क्यांचं नुकसान, म्हणजे ९,४०,०००. जवळपास शून्य.

उत्तर इतकं गुळगुळीत आलं ते थोडं योगायोगाने. ९.४ ऐवजी ९ लॉट विकल्यामुळे थोडा भाग उघडा राहिला आणि त्यात सुमारे ४४,५०० गेले. ते भरून निघाले कारण तुम्ही फ्युचर्स स्पॉटपेक्षा १०० अंक वरच्या भावाने विकले होते, आणि एक्स्पायरीला तो फरक मिटला. त्याचे ४५,००० मिळाले. फ्युचर्स आणि स्पॉटमधल्या या फरकाला बेसिस म्हणतात. तो मुख्यतः त्या काळाच्या व्याजातून अपेक्षित लाभांश वजा करून येतो. म्हणून पूर्ण हेज केलेला पोर्टफोलिओ शून्य कमवत नाही, साधारण अल्पमुदतीच्या व्याजाएवढं कमवतो, आणि त्याहून जास्तही नाही. हेज चालू ठेवून बाजाराचा परतावाही मिळावा ही अपेक्षा धरू नका.

बेसिस नेहमीच असा शहाण्यासारखा वागतो असंही नाही. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे २० टक्के पडला, आणि त्याचे फ्युचर्स सुमारे २९ टक्के. ज्यांनी आधीच विकून ठेवले होते त्यांना त्या दिवशी हिशेबापेक्षा जास्त मिळत होतं. जे त्या दिवशी घाबरून विकायला धावले, त्यांनी निर्देशांकापेक्षा कितीतरी खालच्या भावाला विकले. एक्स्पायरीआधी मधेच हेज उतरवणार असाल तर बेसिसचा हा झोका तुमच्या बाजूने असेल की विरुद्ध, हे आधी सांगता येत नाही. म्हणून शक्य तर हेजची मुदत एक्स्पायरीशी जुळवा.

उरलेला धोका

वरच्या हिशेबात शेअर "बीटाप्रमाणे" पडले असं मी दोनदा लिहिलं. ते तसे कधीच पडत नाहीत. समजा त्याच महिन्यात घ कंपनीचे निकाल वाईट आले आणि बीटाप्रमाणे १६ टक्के पडायचा तो शेअर ३५ टक्के पडला. जास्तीचे १९ टक्के म्हणजे १,९०,०००. त्यातला एक पैसाही फ्युचर्समधून परत येणार नाही. हेज फसला का? नाही. निर्देशांकाचे फ्युचर्स बाजाराचा धोका झाकतात, घ कंपनीच्या व्यवस्थापकांचा नाही.

हा उरलेला धोका किती, ते आर-स्क्वेअर सांगतो, पण लोक त्याचा अर्थ चुकीचा लावतात. ०.७० वाचलं की ७० टक्के धोका गेला असं वाटतं. ०.७० हा वाटा परताव्याच्या विचरणाचा आहे, म्हणजे वर्ग केलेल्या चढउतारांचा. तुम्हाला जाणवतो तो चढउतार त्याच्या वर्गमुळात असतो. ०.३० चं वर्गमूळ ०.५५. म्हणजे अचूक हेज करूनही तुमच्या पोर्टफोलिओची ५५ टक्के हालचाल शिल्लकच राहते. कमी झाली ती फक्त ४५ टक्के. आर-स्क्वेअर ०.९० असेल तरी जवळजवळ ३२ टक्के उरते. ०.५० असेल तर ७१ टक्के, आणि तेव्हा मार्जिन, दलाली, रोजचा रोकडीचा ताण हे सगळं कशासाठी, असा प्रश्न स्वतःला विचारावा.

पाच शेअरच्या पोर्टफोलिओत आर-स्क्वेअर कमी येणं स्वाभाविक आहे, आणि तो लॉटची संख्या बदलून वाढत नाही. लॉट वाढवून उरलेला धोका दाबू पाहाल तर फक्त बाजाराच्या उलट बाजूने उघडे पडाल. त्यावर उपाय शेअरच्या बाजूने करायचा असतो: एकाच कंपनीत अडकलेलं मोठं वजन कमी करणं, किंवा सगळे शेअर एकाच क्षेत्रातले असतील तर त्या क्षेत्राच्या निर्देशांकाचे फ्युचर्स मिळतात का ते बघून बीटा त्याच्याशी काढणं.

दर आठवड्याची नोंद

हेज चालू असताना आठवड्यातून एकदा तीन आकडे लिहा: निर्देशांक किती टक्के हलला, शेअर आणि फ्युचर्स मिळून एकूण किती मिळालं किंवा गेलं, आणि त्यात एखाद्या शेअरचं स्वतःचं कारण होतं का.

सात-आठ आठवड्यांनी पहिले दोन आकडे समोरासमोर ठेवा. बाजार चढतो तेव्हा तुमचा एकूण हिशेब फायद्यात आणि पडतो तेव्हा तोट्यात, असं सारखं दिसलं तर हेज कमी पडतोय, खरा बीटा तुमच्या आकड्यापेक्षा जास्त आहे. उलटं दिसलं तर लॉट जास्त झालेत. दोन्हीत काही मेळच नसेल, हिशेब कधी इकडे कधी तिकडे जात असेल, तर बीटा ठीक आहे आणि दिसतोय तो शेअरचा स्वतःचा धोका. लॉटला हात लावायची गरज फक्त पहिल्या दोन प्रकारांत असते.

भाव हलले म्हणून रोज लॉट बदलणं व्यर्थ आहे. वरच्या १० टक्के घसरणीनंतरचा हिशेब करून बघा. बीटा-भारित मूल्य ९४ वरून सुमारे ८२.१ लाख झालं, पण लॉटही १० लाखांचा ८.९६ लाख झाला. उत्तर ९.२. म्हणजे नऊच. भाव दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात.

लॉट बदलावे लागतात ते तुम्ही शेअर घेता-विकता तेव्हा. सुरुवातीच्या भावांवर घ शेअर सगळा विकला असता तर बेरीज ९४ ची ७८ होते आणि लॉट ८ पुरतात. शेअर विकला आणि फ्युचर्स विसरलात, तर १.२ लॉट कुठल्याही शेअरच्या आधाराशिवाय विकलेले राहतात. ही चूक फार होते, कारण शेअर आणि फ्युचर्स बऱ्याचदा वेगवेगळ्या स्क्रीनवर दिसतात. मी शीटमध्ये शेअरची संख्या बदलली की लॉटचा रकाना लाल होईल असं करून ठेवलंय.

मुदत वाढवणं आणि हेज उतरवणं

करार संपायला आला आणि हेज अजून हवा असेल, तर रोलओव्हर करा: चालू महिन्याचे नऊ लॉट परत घ्या आणि त्याच वेळी पुढच्या महिन्याचे विका. तेव्हा बीटा-भारित मूल्य आणि फ्युचर्सचा नवा भाव घेऊन लॉट पुन्हा मोजा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, दोन-तीन दिवस आधी उरका. रोलओव्हर विसरलात तर करार संपल्यावर हेज नुसताच नाहीसा होतो, आणि तुम्हाला ते पुढच्या घसरणीच्या दिवशी कळतं.

हेज उतरवताना नऊ लॉट परत विकत घ्यायचे. शेअरही विकायचे ठरवलं असेल तर दोन्ही एकाच वेळी, प्रमाणात करा. तिसरा हिस्सा शेअर विकले की तीन लॉट परत घ्या. आधी सगळे शेअर विकून "फ्युचर्स उद्या बघू" म्हणालात, तर त्या एका रात्री तुम्ही ९० लाखांचा निर्देशांक विकून बसलेले असता, आणि मागे एकही शेअर नसतो.